भोलू प्रत्येक पानावर भोलूच दिसावा म्हणून: आमची वाटचाल

आमची फर्म सुरुवातीला मुलांच्या चित्रपुस्तकांची फक्त पानं लावायची. लेखक मजकूर द्यायचे, चित्रकार चित्रं द्यायचे, आणि मी व माझी चित्रकार भागीदार दोन्हींची सांगड घालून छपाईची फाइल तयार करायचो. 2022 मध्ये शब्दांवरून चित्र काढून देणारी एआय साधनं सगळ्यांच्या हाती आली आणि लेखक स्वतःच चित्रं तयार करून आणू लागले. एकेक चित्र सुटं पाहिलं तर देखणं असायचं. सगळी ओळीनं मांडली की पहिल्या पानावरचं अस्वल आणि सातव्या पानावरचं अस्वल चुलतभाऊ वाटायचे. काम यायचं ते लेआउटचं म्हणून, पण खरी गरज होती ते पात्र एकसारखं करण्याची. हळूहळू तेच आमचं मुख्य काम झालं.

पात्र बदलतं कशामुळे, हे आधी सांगायला हवं. यातली बहुतेक साधनं चित्राची सुरुवात निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून करतात आणि तो गोंधळ टप्प्याटप्प्यानं तुमच्या शब्दांकडे वळवत नेतात. मागच्या पानावर काय काढलं होतं हे, तुम्ही ते चित्र पुन्हा समोर ठेवलं नाही, तर त्यांना ठाऊक नसतं. शब्दांनी जे सांगितलं नाही ते दर वेळी नव्यानं भरलं जातं. ‘गोड अस्वल’ म्हटलं की कान केवढे, नाक कुठल्या रंगाचं, पोट सुटलेलं की सपाट, हे सगळं मोकळं राहतं. सुरुवातीचा गोंधळ ज्या आकड्यावरून ठरतो त्याला सीड म्हणतात, आणि सीड तोच ठेवला की झालं, असा एक समज आहे. तोच सीड आणि अक्षरशः तेच शब्द असतील तर जवळपास तेच चित्र मिळतं हे खरं, पण पुस्तकाच्या प्रत्येक पानावर प्रसंग बदलतो, म्हणजे शब्द बदलतात, आणि मग सीडचा आधार फारसा उरत नाही.

म्हणून आम्ही प्रॉम्प्ट, म्हणजे साधनाला द्यायचं वर्णन, लिहिण्याआधी पात्राचीच काटछाट करतो. लेखकांना हा टप्पा आवडत नाही, पण पुढचा निम्मा त्रास इथेच वाचतो. एका लेखिकेच्या भोलू नावाच्या अस्वलाचं उदाहरण घेते. तिच्या मनातल्या भोलूला पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर होता, लाल मफलर होता, डाव्या डोळ्याभोवती गडद डाग होता आणि स्वेटरला तीन बटणं होती. हातानं काढायला यात काहीच अवघड नाही. पण पट्टे किती आणि केवढे रुंद, हे साधनं पानागणिक बदलतात. मोजणी त्यांची कच्ची, म्हणून तीन बटणांची कधी चार होतात, कधी दोन. डावं-उजवं तर हमखास उलटतं, कारण अस्वलाचं डावं आणि पाहणाऱ्याचं डावं यांत गल्लत होते. मफलरची अडचण वेगळीच होती. मफलर म्हटलं की साधनाला थंडी सुचते, आणि उन्हाळ्यातल्या बागेतही कोपऱ्यात बर्फ दिसू लागतो. रेनकोटानं पाऊस येतो, तसंच हे.

लेखिकेशी बरीच घासाघीस झाल्यावर भोलू साधा झाला: मधाच्या रंगाची एकरंगी फर, फिकट तोंड, काळ्या टिकल्यांसारखे डोळे, निळी डंगरी आणि तिच्या बरोबर मध्यावर एकच मोठा पिवळा खिसा. मध्यावरच्या खिशाला डावं-उजवं नसतं. एकच असल्यामुळे मोजायचं काही नसतं. आणि निळ्यावर पिवळा असल्यानं पात्र पानावर छोटं असलं तरी खिसा दिसतो. मुलं भोलूला त्या खिशावरून ओळखतात.

मग आम्ही भोलूच्या ओळखीचा परिच्छेद लिहिला. प्रॉम्प्ट इंग्रजीतच ठेवतो, कारण ही साधनं मुख्यतः इंग्रजी वर्णनं जोडलेल्या चित्रांवर शिकलेली आहेत.

```
A small round bear cub standing upright,
head as large as its body, short plain honey-brown fur,
cream muzzle, tiny solid black dot eyes, small round ears,
plain blue dungarees with one big yellow pocket
in the middle of the chest.
```

हा परिच्छेद प्रत्येक पानावर शब्दही न बदलता चिकटवायचा. एका पानावर `honey-brown` आणि दुसऱ्यावर `golden` लिहिलं की फर बदललीच. लेखकांना तोच शब्द पुन्हा वापरणं खटकतं, कारण भाषेची चांगली सवय त्यांना समानार्थी शब्दांकडे ओढते. इथे ती सवय सोडावी लागते. प्रमाणासाठी चित्रकार ‘दोन डोक्यांची उंची’ म्हणतात. ते तसंच इंग्रजीत लिहिलं तर खरोखर दोन डोक्यांचं अस्वल निघू शकतं. म्हणून ‘डोकं शरीराएवढं’ असं लिहिलं. `cute` किंवा `adorable` मुद्दाम वगळलं, कारण हे शब्द डोळे मोठे आणि चकचकीत करतात आणि टिकल्यांचे डोळे हातचे जातात. भोलूचं नावही प्रॉम्प्टमध्ये नाही. साधनाला त्या नावानं काहीच कळत नाही.

नकार लिहिणं शक्य तिथे टाळतो. ‘टोपी नको’ लिहिलं की टोपी हा शब्द प्रॉम्प्टमध्ये आलाच, आणि अनेक साधनं टोपी काढूनच मोकळी होतात. ज्या साधनात नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी जागा असते तिथेच तो शब्द जातो. इतरत्र ‘डोक्यावर फक्त दोन गोल कान’ असं जे हवं तेच सांगायचं.

ओळखीच्या परिच्छेदानंतर कृती, मग जागा, मग कोन आणि शेवटी चित्रशैलीची ओळ. ती ओळही सगळ्या पानांवर तीच. ओळख आधी ठेवण्याचं कारण असं, की लांब प्रॉम्प्टमध्ये मागचे शब्द क्षीण पडण्याचा धोका असतो. स्टेबल डिफ्युजन या साधनाच्या जुन्या आवृत्त्यांत तर एका वेळी 77 टोकनच वाचली जात, आणि त्यांतली दोन आरंभ-शेवटाच्या खुणांची असत. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. नवी साधनं पुष्कळ जास्त वाचतात, तरी आमची सवय तीच राहिली.

खरी कसोटी भावनांची. भोलूचा पतंग हरवतो त्या पानासाठी लेखिकेनं `sad` लिहिलं होतं. त्या एका शब्दानं डोळे मोठे झाले, त्यांत पाणी आलं, भुवया उगवल्या, आणि तो भोलू राहिला नाही. आम्ही भावनेचं नाव काढून शरीर काय करतंय ते लिहिलं:

```
head lowered, ears drooping, mouth a short curved-down line,
arms hanging, holding an empty string
```

डोळे टिकल्यांचेच राहिले आणि दुःख मान-कानांत उतरलं. साध्या चेहऱ्याचं पात्र रंगवताना चित्रकार नेहमी हेच करतात. माझ्या भागीदारानं हा नियम लगेच ओळखला, मला तो प्रॉम्प्टमधून शिकावा लागला.

परिच्छेद अजिबात बदलायचा नाही या नियमाला एक अपवाद आहे. भोलू पाठमोरा डोंगराकडे चालला आहे अशा पानावर पूर्ण परिच्छेद चिकटवला तर साधन पेचात पडतं. पुढे खिसा, फिकट तोंड, डोळे हे सगळं दाखवायचं आहे आणि पात्र तर पाठमोरं आहे. मग ते मान गर्रकन वळवतं किंवा खिसा पाठीवर लावून देतं. म्हणून पाठमोऱ्या भोलूचा वेगळा परिच्छेद केला, ज्यात पुढून दिसणारी एकही गोष्ट नाही आणि त्याऐवजी पाठीवर एकमेकांना छेदणारे डंगरीचे पट्टे आहेत.

रात्रीच्या पानांवर रंग घसरतात. `moonlit` लिहिलं की फरही निळसर होते आणि डंगरी काळी. आम्ही रात्र मागे ठेवतो आणि उजेड पात्रावर पाडतो: मागे गडद निळं आकाश, भोलूच्या अंगावर कंदिलाचा उबदार प्रकाश. भोलूची मैत्रीण आली की रंग एकमेकांत झिरपतात, तिच्या हिरव्या फ्रॉकचा हिरवा भोलूच्या डंगरीवर चढतो. दोघांची वर्णनं वेगवेगळ्या वाक्यांत लिहून, कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे हे सांगून फरक पडतो, पण भरवसा नाही. अशी पानं आम्ही बहुतेकदा सुटी काढून जोडतो.

पुढे संदर्भचित्र देता येऊ लागलं आणि कामाची पद्धत पालटली. आता परिच्छेदावरून आधी भोलूचं एक पात्रपत्रक बनतं: समोरून, बाजूनं, पाठीमागून, सरळ उभा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. अ‍ॅनिमेशनवाल्यांची ही जुनीच रीत. पार्श्वभूमी कोरी ठेवायची, कारण पत्रकात झाड असलं की ते झाड पुस्तकभर पाठलाग करतं. मिडजर्नी या साधनाच्या सातव्या आवृत्तीत संदर्भचित्र `--oref` नं जोडतात आणि त्याचा जोर `--ow` नं ठरवतात. मूळ मूल्य 100 आहे. जोर फार वाढवला तर चेहरा जुळतो, पण भोलू प्रत्येक पानावर पत्रकातल्यासारखाच सरळ उभा राहू पाहतो, आणि धावण्याचं पान निर्जीव होतं.

संदर्भचित्र असताना लांब वर्णनानं उलट नुकसान होतं. पत्रकातली फर आणि शब्दांतली फर किंचित जरी वेगळी असली तरी साधन दोन्हींच्या मध्ये काहीतरी काढतं. म्हणून आता पानांच्या प्रॉम्प्टमध्ये परिच्छेदाऐवजी एक आखूड ओळ आणि पूर्ण कृती असते. ‘हेच अस्वल ठेव, फक्त त्याला झाडावर चढव’ असं साध्या बोलीत सांगितल्यावर चित्र सुधारून देणाऱ्या साधनांतही तसंच. तिथला सापळा साखळीचा आहे. दुसरं पान पहिल्यावरून, तिसरं दुसऱ्यावरून असं काढत गेलं की दर पायरीला थोडा फरक साचतो. शेजारची पानं जुळलेली दिसतात, आणि बाराव्या पानावर नाक लांब झालेलं असतं. त्यामुळे प्रत्येक पान मूळ पत्रकावरूनच निघतं, आदल्या पानावरून कधीच नाही.

हा घसरता फरक पकडण्यासाठी प्रत्येक पानावरचं फक्त डोकं कापून सगळी डोकी एका कागदावर ओळीनं छापतो आणि पहिलं शेवटच्याशी ताडून पाहतो. पडद्यावर एकेक पान उलटत गेलं तर हे दिसत नाही. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं, म्हणजे हा कागद एका नजरेत मावतो.

तरीही प्रॉम्प्टनं अचूक सारखेपणा मिळत नाही, हे आम्ही लेखकांना करार करतानाच सांगतो. खिशाची कड, कानातला गुलाबी भाग, लांबच्या दृश्यातला बारीक चेहरा हे भागीदार हातानं रंगवून जुळवते, आणि त्या तासांचे पैसे वेगळे लागतात. मालिका निघणार असेल तर तपासलेल्या चित्रांवर भोलूचं छोटं लोरा मॉडेल, म्हणजे मूळ साधनाला हे एक पात्र शिकवणारी जोड, तयार करून घेतो. एका पुस्तकासाठी तेवढा खटाटोप परवडत नाही. पट्ट्यांचे कपडे आणि गर्दीतलं मुख्य पात्र मात्र आम्ही अजूनही फक्त हातानं काढायच्या अटीवर घेतो. लेखिकेला भोलूच्या दुसऱ्या पुस्तकात मफलर हवाच होता, म्हणून ते पुस्तक हिवाळ्यातलं केलं.