तुम्ही विचारलंत म्हणून: तिला काय लिहिलं होतं

"तिनं नाही म्हटलं, तरी तुम्ही दोघं अजून एवढे बोलता कसे? असं काय लिहिलं होतंस रे? आम्हाला पण पाठव की तो मेसेज."

पाठवत नाही. एका मित्राला पाठवला होता, तर त्यानं वरचं नाव बदलून जसाच्या तसा पुढं सरकवला. ज्या मुलीला तो गेला तिला त्यातल्या निम्म्या गोष्टी कुणाबद्दल आहेत तेच कळेना. पण कुणाच्या लग्नात जेवायला बसलो की विषय निघतो, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो आणि मग तुम्ही आपापल्या परीनं अर्थ लावता. त्याचा आता खरंच त्रास होतो. म्हणून हा घ्या, आहे तसा. तिला विचारून देतोय, फक्त सुरुवातीची हाक काढली आहे.

"हे निवांत असशील तेव्हा वाच, घाईचं काही नाही. मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून आवडतेसच, पण मी लग्नाच्या दृष्टीनंही तुझा विचार करतो. तुला माझ्याबद्दल तसं वाटतं का? नसेल वाटत तर 'नाही' एवढं लिहिलंस तरी चालेल. कारण विचारणार नाही आणि विषय परत काढणार नाही. ताईला माहीत आहे, आपल्या ग्रुपमध्ये कुणाला माहीत नाही आणि माझ्याकडून कळणार नाही. नाही असेल तर मी थोडे दिवस कमी बोलेन. तो राग नसेल, मला तेवढा वेळ लागेल. नंतर मीच फोन करेन. काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गाडी घेऊन मी येणार आहे, तुझं उत्तर काहीही असलं तरी."

याच्या आधीचा खर्डा बराच लांब होता आणि त्यातला मोठा भाग सांगलीच्या २०१९ च्या पुरावर होता. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिचं घर गावभागात. पाणी चढतंय म्हटल्यावर मी आणि माझा भाऊ गेलो, धान्याचे डबे, गाद्या, टीव्ही, देव, जमेल तेवढं वरच्या मजल्यावर नेलं आणि घरच्या सगळ्यांना मिरजेला आमच्याकडं आणलं. पूर ओसरल्यावर गाळ काढायला परत गेलो. फ्रिज आडवा पडलेला, लाकडी कपाटाची दारं फुगून बसलेली. खराट्यानं गाळ लोटता लोटता ती मधेच खाली बसली आणि दाखल्यांची फाईल उघडली. पानं एकमेकांना चिकटलेली. ती एकेक कोपरा नखानं सोडवत राहिली आणि दहावीचं मार्कशीट सुटल्यावर माझ्याकडं बघून हसली. ती मला आवडते हे मला त्या दिवशी कळलं.

हे सगळं मी लिहिलं होतं, कारण खरं होतं. ताईनं वाचलं आणि म्हणाली, "तू आलास, सामान उचललंस, तिच्या आईबाबांना आपल्या घरात ठेवलंस आणि आता विचारतोयस. तिनं नाही कसं म्हणायचं?"

मी भांडलो. म्हटलं, मी काही उपकार मोजत नाहीये, मला कधी कळलं ते सांगतोय. ताई म्हणाली, "तू मोजत नाहीस. ती मोजेल." आणि मग तिनं जे विचारलं त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. उद्या ती नाही म्हणाली, तर त्या गाळातल्या दिवसाचं तिनं काय करायचं? तोवर तो तिच्यासाठी मित्र धावून आल्याचा दिवस होता. हे वाचल्यावर तो वेगळा होणार, आणि मग त्याच्यानंतरचा प्रत्येक दिवस ती उलटून बघणार. दवाखान्यात आला तेव्हाही मनात हेच होतं का? परीक्षेच्या नोट्स दिल्या तेव्हा? जी मैत्री वाचवायची म्हणून एवढा जपून लिहीत होतो ती पुढची होती. मागची मीच त्या मेसेजमधून काढून घेणार होतो.

पूर गेला. त्याच्याबरोबर 'इतकी वर्षं मनात ठेवलं' हेही गेलं, कारण वर्षं सांगितली की ती तिच्या डोक्यावर बसतात.

"काही झालं तरी आपली मैत्री तुटू देऊ नकोस" हे वाक्य माझ्या मते सगळ्यात चांगलं होतं. ताईनं तेही काढायला लावलं. मैत्री सांभाळायचं काम मी तिच्यावर टाकत होतो, तेही ती नाही म्हणत असताना. त्याऐवजी मी काय करणार ते लिही म्हणाली. म्हणून ते 'थोडे दिवस कमी बोलेन, नंतर मीच फोन करेन' आलं. नुसताच गप्प झालो असतो तर तिला तो राग वाटला असता आणि माझी समजूत काढायला तीच फोन करत बसली असती. आमची जात एक नाही, त्यामुळं 'घरच्यांचं मी बघतो' असंही एक वाक्य होतं. तिला मी हवा आहे की नाही हेच कळलं नव्हतं आणि मी तिच्या वडिलांशी बोलायला निघालो होतो.

पाठवला रविवारी सकाळी. तिला बँकेला सुट्टी असते आणि त्या दिवशी आम्ही कुठं भेटणार नव्हतो. आदल्या दिवशी 'तुझ्याशी जरा बोलायचंय' असलं काही टाकलं नाही, त्यानं माणूस रात्रभर नको ते विचार करत बसतो. समोर बसून का नाही बोललास, असंही तुम्ही विचारता. समोर तिला माझ्या चेहऱ्याकडं बघत उत्तर द्यावं लागलं असतं. व्हॉइस मेसेजमध्ये माझा आवाज कापला असता आणि तो तिला ऐकावा लागला असता. लिहिलेलं ती तिच्या वेळेला वाचू शकते, दोनदा वाचू शकते, वाचून फोन पालथा ठेवू शकते. याला तुम्ही घाबरटपणा म्हणता. मला ते पटत नाही.

संध्याकाळी "वाचलं. दोन दिवस दे" असं आलं. मग दोन दिवसांनी, "नाही. मी तुझ्याकडं त्या नजरेनं कधी बघितलं नाही आणि ठरवूनही बघता येणार नाही." मी लिहिलं, "बरं. स्पष्ट सांगितलंस ते बरं झालं. थोड्या दिवसांनी फोन करतो." आणखी लिहावंसं खूप वाटत होतं. फोन ताईकडं दिला.

इथवर सगळं ठरल्यासारखं झालं. पण काकांचं ऑपरेशन त्या 'थोड्या दिवसांत'च आलं.

मी सुट्टी काढली होती, गाडी धुऊन आणली होती. सकाळी तिचा मेसेज, "रिक्षा केलीय, निघालो. तू त्रास घेऊ नकोस." सांगलीहून मिरजेला रिक्षानं येणं काही अवघड नाही. पण मला ते फार लागलं. दुपारपर्यंत घरात बसलो आणि मग राहवलं नाही म्हणून दवाखान्यात गेलो. काका बाकावर बसलेले, एका डोळ्यावर पट्टी, हातात थेंबांच्या बाटल्यांची पिशवी. दुसऱ्या डोळ्यानं मला लांबूनच ओळखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय रे, गाडी घेऊन येणार होतास ना? वाट बघून बघून रिक्षा केली आम्ही."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "बाबा, त्याला सुट्टी नाही मिळाली." मी 'हो काका' म्हटलं. माझ्यासाठी, किंवा स्वतःसाठी, ती बापाशी खोटं बोलली आणि मी त्यात मान हलवली. ग्रुपमध्ये कळणार नाही, हे मी लिहिलं होतं. घरात काय सांगायचं हे मी तिच्यावरच सोडलं होतं.

औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभी असताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाकी सगळं नीट लिहिलं होतंस. ती गाडीची ओळ नको होती. नाही लिहिताना ती गाडीच डोळ्यासमोर येत होती. नाही म्हणायचं आणि चार दिवसांनी तुझ्या मागच्या सीटवर बसून यायचं. कसं जमणार?"

मी म्हटलं, "आणि लिहिलं नसतं तर? नाही म्हटल्यावर गाडी पण गेली, असं नसतं वाटलं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "वाटलं असतं. तेही वाटलं असतं."

ताईचं म्हणणं, त्या दोन ओळी एकमेकींना छेदत होत्या: एकीकडं दूर राहणार म्हणायचं आणि दुसरीकडं दारात गाडी उभी करायची. 'गाडी लागली तर सांग' एवढं लिहिलं असतं तर निवड तिच्याकडं राहिली असती. मला ते अर्धंच पटतं. काकांना शब्द मेसेजच्या आधी दिला होता. तिच्या एका उत्तरानं तो 'लागली तर'वर यावा, हे मला आजही चुकीचं वाटतं. हे लिहितानाही वाटतं.

नंतर फोन मीच केला, लिहिल्याप्रमाणे. विषय परत काढलेला नाही. आणि तुम्ही जे मागून बोलता, की हा मित्र बनून वर्षानुवर्षं डाव टाकत होता, त्यावर मला एवढंच म्हणायचंय की पुराच्या आधीही मी तिचा मित्र होतो आणि तिच्या नाहीनंतरही आहे. मधल्या काळात मला दोन्ही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. ते वेगळं काढून दाखवता येत नाही म्हणून खोटं ठरत नाही.

पण 'एवढे बोलता' हेही पूर्ण खरं नाही. तिच्यासाठी स्थळं बघतायत. पूर्वी तिनं फोटो पाठवून 'हा कसा वाटतो?' विचारलं असतं. एकदा विचारलंही, मेसेजनंतर काही महिन्यांनी. मी म्हटलं, हे मला विचारू नकोस, बाकी काहीही विचार. त्यानंतर तिनं विचारलेलं नाही. कुठलं स्थळ आलं, कुठं बोलणी थांबली, हे मला आता ग्रुपमध्ये तुमच्याबरोबरच कळतं. ताई म्हणते, एवढं तुटलंच. मी म्हणतो, तुटलं नाही, मी तेवढं बाजूला ठेवायला सांगितलं. ती काय म्हणते ते मी विचारलेलं नाही आणि तुम्हीही तिला विचारू नका.