फोडलं तरी उतार, जोडलं तरी उतार

"सर, युरेनियम फोडलं तरी एनर्जी आणि हायड्रोजन जोडला तरी एनर्जी, मग फोडायचं, परत जोडायचं, परत फोडायचं, असं केलं तर फुकटात वीज नाही का मिळणार?"

नाही मिळणार. पण दहावीच्या बॅचमध्ये दर वर्षी कोणीतरी हे विचारतंच, आणि बाकीची पोरं तोवर फिशनची, म्हणजे अणू फोडण्याची, व्याख्या पाठ करून पुढच्या धड्यावर गेलेली असतात.

मी मग फळ्यावर दोन डोंगर काढतो. डावीकडं जोतिबा, उजवीकडं पन्हाळा, मधे खोलगट. (भूगोलाच्या सरांनी बघू नये.) डाव्या डोंगराच्या माथ्यावर हायड्रोजन, सगळ्यात हलका. उजव्याच्या माथ्यावर युरेनियम, खाणीतनं मिळणाऱ्यांत सगळ्यात जड. आणि खाली तळाला लोखंड. आता इथं उंची म्हणजे काय, तर न्यूक्लियसमधले, म्हणजे अणूच्या गाभ्यातले, प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना किती सैल धरून बसलेत ते, जितके सैल तितके वर. लोखंडात ते जवळजवळ सगळ्यात घट्ट बसलेले असतात. सायकल घेऊन जोतिबावरनं निघ नाहीतर पन्हाळ्यावरनं, उताराला लागलास की पॅडल मारावं लागत नाही. जड न्यूक्लियस फुटून मधल्या वजनाचे तुकडे झाले तरी तळाकडंच आले, आणि हलके जुळून थोडे जड झाले तरी तळाकडंच आले. म्हणून दोन्हीत एनर्जी. पण फुटलेले तुकडे परत जोडून युरेनियम करायचं म्हणजे सायकल ढकलत पन्हाळा चढायचा, मिळालं होतं तेवढं सगळं परत घालावं लागतं, फुकट काही नाही.

एनर्जी "सुटते" म्हणजे येते कुठनं? तर वजनातनं. युरेनियम-235 घ्या, 235 म्हणजे त्यातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज. ते एक किलो सगळंच्या सगळं फुटलं, आणि सगळे तुकडे, उडालेले न्यूट्रॉन, एकूण एक गोळा करून गुजरीतल्या सराफाच्या काट्यावर ठेवले, तर साधारण 0.9 ग्रॅम कमी भरेल. नथीएवढं सोनं समजा. तेवढ्याची उष्णता होते सव्वादोन कोटी युनिट, त्यातला तिसरा हिस्सा वीज म्हणून हातात येतो, म्हणजे महिन्याला 100 युनिट जाळणारी सहा हजार घरं वर्षभर. फ्युजनमध्ये, म्हणजे हलके अणू जोडण्यात, एक किलो इंधनामागं 3.7 ग्रॅमच्या आसपास घट येते, म्हणजे चौपट. जोतिबाची बाजू जास्त उभी आहे असं समजा.

मग आपण सगळे फ्युजनच का नाही करत? कारण जोतिबाच्या माथ्यावर उताराच्या आधी एक उंच भिंत आहे. हायड्रोजनच्या दोन्ही न्यूक्लियसवर प्लस चार्ज, ते एकमेकांना ढकलतात, आणि अगदी चिकटेपर्यंत जवळ आणले तरच जुळतात. त्यासाठी रिॲक्टरमधला गॅस 15 कोटी डिग्रीपर्यंत तापवावा लागतो, सूर्याच्या पोटातल्या तापमानाच्या दहापट. एवढं गरम ठेवायला कसलंच भांडं चालत नाही म्हणून टोकामाक नावाच्या मशीनमध्ये मॅग्नेटच्या जोरावर ते अधांतरी धरून ठेवतात, आपल्याकडं गांधीनगरजवळ 'आदित्य' नावाचा टोकामाक आहे. फिशनला असली भिंत नाही, युरेनियम फोडतो तो न्यूट्रॉन, त्याच्यावर चार्जच नसतो, तो निवांत चालत युरेनियमच्या आत शिरतो, आणि हळू असेल तर अजून बरं.

इंधनाची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. युरेनियम खाणीतनं काढायचं, आणि त्यातलं सहज फुटणारं 235 फक्त 0.7 टक्के असतं, बाकी सगळं 238. फ्युजनला लागणारा ड्युटेरियम म्हणजे एक न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन, तो कुठल्याही पाण्यात असतो, रंकाळ्यातसुद्धा, साधारण साडेसहा हजार हायड्रोजनमागं एक. त्याचा जोडीदार ट्रिटियम, म्हणजे दोन न्यूट्रॉनवाला हायड्रोजन, मात्र अवघड आहे, तो बारा वर्षांत निम्मा संपतो, त्यामुळं निसर्गात साठा जवळपास नाहीच, लिथियमवर न्यूट्रॉन मारून बनवावा लागतो. "समुद्रातनं फुकट इंधन" असं कोणी म्हणालं की मी ट्रिटियमचं काय म्हणून विचारतो.

आता कचरा, कारण पेपरात चार ओळी लिहून सुटता येतं पण समजलेलं नसतं ते इथंच. युरेनियम-235 मध्ये एक न्यूट्रॉन घुसला, झाले 236. तो फुटण्याच्या अनेक तऱ्हा आहेत, त्यातली एक घेऊ: बेरियम-141, क्रिप्टॉन-92 आणि सुटे तीन न्यूट्रॉन. बेरीज करून बघ, जुळते. हेच तीन पुढचे अणू फोडतात. पण बेरियमकडं बघ. त्याच्याकडं 85 न्यूट्रॉन आलेत आणि टिकाऊ बेरियमला जास्तीत जास्त 82 झेपतात. जड अणूंना न्यूट्रॉन प्रमाणानं जास्त लागतात, वाटणी झाली तेव्हा पोरांच्या वाट्याला ते जास्तीचे आले. मग हा बेरियम काय करतो, तर एकेका न्यूट्रॉनचा प्रोटॉन करून टाकतो आणि दर वेळी एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. अर्धा बेरियम अठरा मिनिटांत लँथनम होतो, तो काही तासांत सिरियम, सिरियमला निम्मं व्हायला महिना लागतो, आणि शेवटी प्रॅसियोडिमियम, तो गप्प बसतो. कचरा रेडिओॲक्टिव्ह का असतो, याचं उत्तर एवढंच आहे. सगळ्यांची उतरंड इतक्या लवकर संपत नाही, सिझियम-137 ला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात.

आणि ही उतरंड रिॲक्टर बंद केला तरी चालूच राहते. बटण दाबून साखळी थांबवली तरी त्या क्षणी सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, ती नुसत्या तुकड्यांची. फुकुशिमात 2011 ला भूकंप झाल्या झाल्या चालू रिॲक्टर बंद झाले होते, व्यवस्थित. मग त्सुनामीनं जनरेटर बुडाले, पाणी फिरायचं थांबलं, आणि या उरलेल्या उष्णतेनंच आतलं इंधन वितळलं.

फ्युजनमध्ये असे तुकडेच नाहीत, बनतो तो हिलियम, फुग्यात भरायचा. मी कितीतरी वर्षं वर्गात "फ्युजनला कचराच नाही" असं ठोकून द्यायचो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं वहीत हिशोब मांडला, ड्युटेरियम दोन, ट्रिटियम तीन, हिलियम चार, आणि उभी राहून म्हणाली, सर पाचवा कुठं गेला? पाचवा म्हणजे न्यूट्रॉन, आणि एकूण एनर्जीतली ऐंशी टक्के तोच घेऊन पळतो. चार्ज नाही म्हणून मॅग्नेट त्याला अडवत नाही, तो सरळ भिंतीच्या स्टीलमध्ये घुसतो आणि चांगल्या स्टीलला रेडिओॲक्टिव्ह करून ठेवतो. म्हणजे कचरा आहे, फक्त तो इंधनाचा नाही, भांड्याचा आहे. अर्थात भांडं कशाचं करायचं हे आपल्या हातात असतं, शंभरेक वर्षांत हाताळता येईल असं स्टील बनवायची खटपट चालू आहे. युरेनियम फुटून तुकडे कुठले पडणार ते मात्र आपल्या हातात नसतं, आणि त्याच इंधनात 238 पासून तयार होणारं प्लुटोनियम-239 निम्मं व्हायलाच 24,000 वर्षं घेतं.