कुसळ, मुसळ आणि पोलिफेमसचा डोळा

एम.ए. इंग्रजीच्या वर्गाला मी गेली काही वर्षे जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ शिकवते. अभ्यासक्रम तिला चौदा तासिका देतो आणि कादंबरीत अठरा प्रकरणे आहेत. त्यामुळे दर वर्षी मी चार-पाच प्रकरणे निवडते. त्यांत बारावे प्रकरण हमखास असते, कारण त्यामागची होमरची गोष्ट मुलांना एका तासात सांगता येते आणि ती त्यांच्या लक्षातही राहते. ओडिसियस एकडोळ्या राक्षसाच्या, पोलिफेमसच्या, गुहेत अडकतो, त्याला पाणी न घातलेली दारू पाजतो, ऑलिव्हच्या लाकडाचे दांडके तासून निखाऱ्यात तापवतो आणि झोपलेल्या राक्षसाच्या डोळ्यात खुपसतो. आपले नाव त्याने ‘कोणी नाही’ असे सांगितलेले असते. त्यामुळे शेजारचे राक्षस मदतीला आले, तरी ‘मला कोणी नाही मारत आहे’ एवढेच पोलिफेमसला ओरडता येते. पुढे जहाज किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मात्र ओडिसियसला राहवत नाही. तो राक्षसाला ओरडून डिवचतो, राक्षस डोंगराचा कडा उपटून जहाजावर भिरकावतो, आणि तरीही तो आपले खरे नाव, बापाचे नाव आणि गाव ओरडून सांगतो.

जॉइसच्या प्रकरणात गुहा नाही, राक्षस नाही आणि ओडिसियसही नाही. १६ जून १९०४ची संध्याकाळ आहे, डब्लिनमधला एक गुत्ता आहे आणि तिथे ‘सिटिझन’ म्हणून ओळखला जाणारा एक कडवा राष्ट्रवादी कुत्र्याला घेऊन बसला आहे. ज्यू बापाचा मुलगा लिओपोल्ड ब्लूम तिथे येतो, दारू नाकारतो, सिगार घेतो, वाद घालतो, आणि शेवटी ‘तुमचा ख्रिस्तही माझ्यासारखाच ज्यू होता’ असे सुनावून घोडागाडीतून निघून जातो. सिटिझन त्याच्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा फेकतो, पण डोळ्यांवर ऊन आल्यामुळे त्याचा नेम चुकतो.

छापील पुस्तकात प्रकरणांना होमरची नावे नाहीत. ती जॉइसने मित्रांना दिलेल्या तक्त्यांमधून बाहेर आली, आणि एक तक्ता स्टुअर्ट गिल्बर्ट यांच्या १९३०च्या ग्रंथातून सर्वांपर्यंत पोहोचला. आमच्याकडच्या बाजारू गाइडांनी त्या तक्त्याचा पाढा करून टाकला आहे: डबा म्हणजे कडा, सिगार म्हणजे दांडके, सिटिझन म्हणजे पोलिफेमस. मुले तो पाठ करून परीक्षेत ओततात, आणि तपासणारेही तोच शोधतात. मला त्याचा राग येत असे. मात्र सिगारपुरते मीही दर वर्षी तेच सांगत आले होते, हे त्या दिवशी उघड झाले.

त्या तासाला मी मुलांना गाइड बंद करायला लावले आणि प्रकरणात डोळा, पाहणे, आंधळेपणा जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगितले. पहिल्याच वाक्यात एका धुराडे साफ करणाऱ्याचे अवजार निवेदकाच्या डोळ्यात जाता जाता राहते, आणि तिथे सर्वांनी खूण केली. पुढे भर वादात ब्लूम म्हणतो की काही लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. इंग्रजीतल्या ‘बीम’साठी मी सहज आपली म्हण वापरली आणि पुढे गेले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “मॅडम, मुसळ म्हणजे लाकडाचं दांडकंच ना? मग डोळ्यात दांडकं इथेच गेलं की. सिगार कशाला हवा?”

मी थांबले. बीम म्हणजे तुळई, म्हणजे लाकूडच, आणि ते डोळ्यात आहे. इतकी वर्षे हे वाक्य मी डोळ्यांच्या खुणांपैकी एक म्हणून वाचत आले होते, पण त्यात लाकूड आहे हे मला दिसले नव्हते. मराठी म्हण इतकी ओळखीची होती की तिने मला पुढे ढकलले. संदर्भ माहीत नसला की वाचक निदान अडखळतो आणि शोधतो. ओळखीचे काही भेटले की तो बिनघोर पुढे जातो, आणि ही चूक पकडायला कुठलीही टीप उपयोगी पडत नाही.

आणखी एक गोष्ट याच म्हणीने झाकली होती. वसईहून येणारी एक मुलगी म्हणाली, “हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं सातव्या अध्यायातलं आहे. आमच्या मराठी बायबलातही कुसळ आणि मुसळच आहे.” बाकी वर्गाला, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही, ती घरगुती म्हण वाटली होती. गुत्त्यातल्या कॅथलिकांना मात्र ती तशी वाटली नसणार. त्यांच्याच प्रभूचे वाक्य एक ज्यू त्यांना ऐकवतो आहे, आणि थोड्या वेळाने तो जे ओरडून सांगणार आहे त्याची ही सुरुवात आहे. एकाच वाक्यात होमर आणि बायबल एकमेकांवर बसले आहेत.

वर्ग तापला. एक हुशार मुलगा मौसलपर्वावर गेला: सांबाच्या पोटातून निघालेले मुसळ, त्याच्या चुऱ्यातून उगवलेले लव्हाळे, आणि प्रभासला दारूच्या नशेत त्यांनीच एकमेकांना मारणारे यादव. दारू होती, भांडण होते, स्वकीयांचा द्वेष होता. मोह होण्यासारखेच होते ते. मी त्याला मजकुरात आधार शोधायला सांगितले. होमरचा संदर्भ खरा मानायचा, कारण पुस्तकाचे शीर्षकच ओडिसियसचे लॅटिन नाव आहे, आणि प्रकरणात डोळे, उगारलेले अवजार, फेकलेली वस्तू, दूर जाताना केलेली आरोळी असे सगळे त्याच एका दिशेने जाते. मौसलपर्वासाठी आधार फक्त माझ्या भाषांतरातला एक शब्द होता. तो मी ‘तुळई’ असा ठेवला असता, तर यादव वर्गात आलेच नसते. त्याला ते पटले, पण आवडले नाही.

मागच्या बाकावरच्या मुलाचे मात्र संपले नव्हते. त्याचा पुढचा प्रश्न असा, की ओडिसियस दांडके बाहेरून आणून खुपसतो, पण ब्लूमच्या वाक्यात ते समोरच्याच्या डोळ्यात आधीपासूनच आहे. मग इथे राक्षसाला आंधळे कोणी केले? कुणीच नाही, असे मी म्हणाले, आणि म्हटल्यावर माझ्या लक्षात आले की पोलिफेमसही शेजाऱ्यांना हेच सांगतो. वर्ग हसला, पण मला त्याचे हसू आले नाही. तक्त्यात ‘म्हणजे’ हा शब्द असतो, आणि जॉइसचे काम बहुतेक वेळा जिथे गोष्ट जुळत नाही तिथे चालते. मूळ गोष्टीत राक्षसाला दारू पाजली जाते, इथे पाहुणाच दारू नाकारतो. मूळ नायक आधी नाव लपवून शेवटी ओरडतो, इथला नायक शेवटी स्वतःचे नाव न सांगता आपल्या जमातीची नावे ओरडतो. त्या नावांत मेर्कादांते हा ज्यू नसलेला संगीतकारही तो घुसडतो.

माझ्या प्रतीत सिगारच्या ओळीपुढे ‘दांडके’ अशी जुनी खूण आहे. ती मी खोडलेली नाही, कारण ती चूक आहे असे मला अजून म्हणता येत नाही. लेखकाने दोन्ही ठेवले असेल. फक्त तुळईच्या ओळीपुढे दुसरी खूण केली, आणि त्या खुणेपुढे प्रश्नचिन्ह घातले. ‘कुणीच नाही’ हे उत्तर मी वर्गाला घाईने दिले होते. कारण ब्लूम ते वाक्य म्हणतो तेव्हा त्याला स्वतःच्या डोळ्यातली तुळई दिसते का, हे आम्ही त्या तासाला विचारलेच नाही.