आमची वाटचाल : टायपिंगच्या कामांपासून पाठवण्याआधीच्या तपासणीपर्यंत

सुरुवातीला आमच्याकडे निव्वळ टायपिंगची कामं यायची. मग ग्राहक म्हणू लागले, "जाता जाता एकदा नजर घाला." त्या 'जाता जाता'तूनच आजचा व्यवसाय उभा राहिला. दरपत्रकं, प्रस्ताव, महत्त्वाच्या ईमेल पाठवण्याआधी आम्ही तपासून देतो. ऱ्हस्व-दीर्घ हा त्यातला सोपा भाग. वेलांटी चुकली तर समोरचा फार तर नाक मुरडतो. प्रस्तावात दुसऱ्याच कंपनीचं नाव निघालं, तर हा कागद आपल्यासाठी लिहिलेलाच नाही हे त्याला कळून चुकतं.

हे नाव येतं कुठून? नवा प्रस्ताव कोऱ्या पानावर कुणीच लिहीत नाही. जुनी फाइल उघडायची, Ctrl+H दाबून नाव बदलायचं आणि पुढे जायचं, अशीच सगळीकडे रीत आहे. एका ग्राहकाने बँकेला दिलेला जुना प्रस्ताव असाच एका कारखान्यासाठी फिरवून आमच्याकडे पाठवला होता. मुखपृष्ठावर नाव बरोबर होतं. आत मात्र 'आपली कारखाना' झाली होती, कारण नाव बदललं तरी विशेषणाचं लिंग आपोआप बदलत नाही. 'बँक' शोधल्यावर 'बँकेने', 'बँकेला' सापडतात, पण तिथे निव्वळ शब्द बदलल्यामुळे 'कारखानाेने' अशी विचित्र रूपं तयार झाली होती. सगळ्यात गमतीची जागा अनुभवाच्या यादीत होती. पूर्वी केलेल्या कामांत त्या बँकेचं नाव असणं योग्यच होतं; तेही बदललं गेल्याने, ज्या कारखान्याकडे काम मागायचं त्याचंच काम आधी करून दिल्याचा दावा झाला होता!

तेव्हापासून आम्ही 'सगळं बदला' हे बटण वापरतच नाही. एकेक जागा बघून बदलतो. त्यानंतर नवं नाव शोधत बसण्यापेक्षा जे नाव कागदात असायला नको ते शोधतो : जुन्या ग्राहकाचं पूर्ण नाव, लघुरूप आणि इंग्रजी स्पेलिंग. मराठीत सामान्यरूपही वेगळं शोधावं लागतं. 'संस्था' शोधलं तर 'संस्थेने' हाती लागत नाही. चित्रात किंवा शिक्क्यात गेलेलं नाव शोधात येतच नाही, ते डोळ्यांनीच बघायचं. फाइलच्या गुणधर्मांतलं शीर्षक तर बहुतेकांच्या गावीही नसतं. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की अनेकदा तेच वर टॅबवर दिसतं, आणि जुनी वर्ड फाइल फिरवली असेल तर तिथे जुन्या ग्राहकाचं नाव बसलेलं असू शकतं. वर्डमध्ये Inspect Document चालवलं की ते गुणधर्म, राहून गेलेले शेरे आणि दुरुस्त्यांच्या खुणा समोर येतात.

सूर तपासण्याची आमची पद्धत साधी आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून एका फेरीत आम्ही फक्त वाक्यांचे शेवट वाचतो. 'कळवावे', 'कळवाल', 'कळवा', 'कळवणे' अशी चार रूपं एकाच पत्रात दिसली, की मजकूर चार ठिकाणांहून उचललाय हे ओळखावं. 'आपण' म्हणून सुरुवात केलेल्या पत्रात चौथ्या परिच्छेदात 'तुमच्याकडून' येतं, तेही याच कारणाने. थकबाकीच्या पत्रात 'वारंवार सांगूनही' असेल तर आम्ही ते परस्पर काढत नाही, मालकाला विचारतो. कधी कधी तो टोमणा त्यांना हवाच असतो.

जोडपत्रांच्या बाबतीत आम्ही क्रम उलटा केला : आधी फाइल जोडायची, मग मजकूर आणि सगळ्यात शेवटी पत्ता, म्हणजे अर्धवट ईमेल चुकून जाणार नाही. आलेल्या ईमेलला 'रिप्लाय' केलं की मूळ जोडपत्रं सोबत जात नाहीत, 'फॉरवर्ड' केलं तर जातात; 'सोबत जोडलं आहे' असं लिहूनही रिकाम्या गेलेल्या कित्येक ईमेलचं मूळ इथे असतं. फाइल दिसते एवढ्यावर आम्ही थांबत नाही, ती मसुद्यातूनच उघडून बघतो. फोल्डरमध्ये 'अंतिम' आणि 'अंतिम नवीन' शेजारी शेजारी असतात, आणि जोडली जाते ती नेमकी पहिली. ड्राइव्हची लिंक असेल तर लॉग-इन नसलेल्या खिडकीत उघडतो, म्हणजे परवानगी अडली तर तिथेच समजतं.

जीमेलमध्ये पाठवलेलं मागे घ्यायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. आउटलुकमध्ये नियम लावून ईमेल 120 मिनिटांपर्यंत रोखून धरता येते. आम्ही ग्राहकांना छोटा विलंब लावून देतो, पण तपासणीनंतर त्यांनी एक आकडा जरी बदलला तरी पीडीएफ नव्याने करून नावांचा शोध पुन्हा घेतो. काहींना ही किरकिर वाटते, म्हणून ही अट आता दरपत्रकातच छापली आहे.