ऑफिसदारी

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा उलगली आणि सिद्धेश्वराच्या परिसरातले पाळणे उतरू लागले की आमच्या पेठेतल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनाची तालीम सुरू होत असे. नाटुकले आणि नकला दरवर्षी बदलत, परंतु वाहतुकीच्या कोंडीवरचे विनोदी गाणे मात्र ठरलेले होते, कारण यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले असत आणि सात रस्त्याच्या चौकात प्रत्येकाने कधी ना कधी तासभर काढलेला असे. एका वर्षी त्या गाण्याचे नवे कडवे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. यमक जुळवणे आणि यमकावर हशा मिळवणे यांतला फरक मला त्या वर्षी समजला.

कडव्याची कल्पना साधी होती. संध्याकाळी पाचला घरी निघालेला कारकून चौकात अडकतो, गर्दी त्याला पुढे-मागे रेटत राहते आणि सकाळी दहाला तो पुन्हा कचेरीपुढेच उभा असतो. मी दुसरी ओळ ‘चौकामधली गर्दी नामी’ अशी लिहिली होती आणि शेवटची ‘ऑफिसदारी पुन्हा उभा मी’ अशी. प्रत्येक ओळीच्या सोळा मात्रा भरत होत्या आणि ‘नामी’ला ‘भा मी’ चांगले जुळत होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तालमीला बसलेली मुले मात्र ‘ऑफिसदारी’ ऐकताच हसली, त्या हशात पुढचे तीन शब्द वाहून गेले आणि यमक आले तेव्हा कोणाचेही कान तिकडे नव्हते. पुढचे कडवे आम्ही उरल्यासुरल्या कुजबुजीतच सुरू केले आणि तेही पडले.

पेटीवाले काका म्हणाले, “अरे, दार आधीच उघडलंस, मग लोक उंबऱ्यावर कशाला थांबतील?” त्यांनी पेन्सिल घेतली आणि शेवटच्या ओळीचे दोन तुकडे फक्त उलटे केले. आता ओळ ‘दारी’वर संपत असल्याने वरचे दोन शब्द त्याला जुळवून घ्यावे लागले, आणि कडवे असे झाले:

पाच वाजता सुटली स्वारी,
चौकामधली गर्दी भारी;
दहा वाजता सकाळ झाली,
पुन्हा उभा मी ऑफिसदारी!

यातली तिसरी ओळ यमकातून मुद्दाम सोडलेली आहे. ‘स्वारी’ आणि ‘भारी’ या दोन शब्दांनी कानाला एक सवय लागते, ‘झाली’ ती सवय क्षणभर मोडते आणि त्यामुळे चौथ्या ओळीला कान आपोआप ‘आरी’ची वाट पाहू लागतात. वाट पाहायला लावणारे शब्द साधेच असावे लागतात. ‘स्वारी’च्या जागी एखादा चमकदार शब्द घातला असता, तर लोक तिथेच हसले असते आणि शेवटासाठी काही उरले नसते.

गाणे केरवा तालात होते. केरव्याचे आवर्तन आठ मात्रांचे असते, म्हणजे चौथी ओळ बरोबर दोन आवर्तनांत बसते. पहिल्या आवर्तनात ‘पुन्हा उभा मी’ संपते आणि ‘ऑफिसदारी’तला ‘ऑ’ नेमका दुसऱ्याच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडतो. काकांनी ढोलकीवाल्याला त्या समेच्या आधीच्या दोन मात्रा गाळायला सांगितल्या होत्या आणि शब्द संपल्यावर नुसता ठेका चालू ठेवायला सांगितले होते. ठरावीक आवर्तने मोजून पुढचे कडवे उचलायचे नाही, हशा उतरू लागला की उचलायचे, ही त्यांची सक्त ताकीद होती, कारण हशा पूर्ण विझल्यावर उचललेले कडवे थंड पडते आणि तो चढत असताना उचललेले कडवे ऐकूच जात नाही.

‘सिग्नल’ हा शब्द मला ओळीच्या शेवटी हवाच होता. त्याला जुळणारा शब्द मराठीत सापडेना, तेव्हा मी एक ओढूनताणून बनवला, आणि काकांनी तो काढून ‘सिग्नल’ला ओळीच्या मध्यात बसवले. ज्या शब्दासाठी श्रोत्याला थांबून अर्थ लावावा लागतो, त्याच्यावर हशा येत नाही, असे ते म्हणत, आणि मला आजही ते पूर्णपणे पटते.

आमच्या मंडळात घरी तेलुगू आणि कन्नड बोलणारी कितीतरी कुटुंबे होती. पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका तेलुगू आजींना मराठी बेताचेच येत असे, परंतु ‘स्वारी’ आणि ‘भारी’ ऐकून त्या मान डोलवायच्या आणि ‘ऑफिसदारी’ला इतरांच्या बरोबरीने, अगदी त्याच मात्रेवर हसायच्या. त्यांना ती जागा यमकानेच दाखवली होती, असे मला वाटते.

तीन-चार वर्षांनी त्याच कडव्याच्या चौथ्या ओळीला वीज गेली. माइक बंद पडला, मंडपात अंधार झाला, परंतु ढोलकी थांबली नाही. ‘पुन्हा उभा मी’ इतके मी विनामाइक म्हटले, काकांनी पेटीवरचा हात उचलला, ‘मी’वरच्या ढोलकीच्या दोन मात्रा नेहमीसारख्या रिकाम्या गेल्या आणि समेवर अख्ख्या मंडपातून ‘ऑफिसदारी’ आले.