तुम्ही विचारलंत म्हणून: मधल्या दुकानदाराचा नफा

"वडिलांचा घाऊक धंदा मी ऑनलाइन नेतोय. मधला दुकानदार गेला की त्याचा नफा आपल्याकडेच राहील ना?"

राहतो, पण त्याची कामंही तुमच्याच गळ्यात पडतात. चादरींचा धंदा धरू. ग्राहक १०० मोजतो ती चादर तुम्हाला ५८ ला पडते आणि दुकानदाराला तुम्ही ती ६४ ला देता. म्हणजे वडिलांना एका नगामागे ६ सुटतात. ऑनलाइन ४२ सुटतील असं वाटतं.

आता १० पार्सलं पाठवून बघा. त्यातली २ परत आली, ८ विकली गेली, जमा ८००. विकलेल्या मालाचे ४६४, पॅकिंग प्रत्येकी ४ प्रमाणे ४०. कुरिअर १२ प्रमाणे १२० आणि परतीचे आणखी २४. पैसे भरण्याच्या सोयीचे १६. शिवाय एका ऑर्डरमागे जाहिरातीला २० गेले, तर २००. एकूण खर्च ८६४, म्हणजे ६४ चा तोटा. परत आलेला माल पुन्हा विकण्याजोगा आहे आणि फोटो, पगार फुकट आहेत, असं धरूनसुद्धा!

तोच ग्राहक जाहिरातीशिवाय पुन्हा आला तर मात्र २०० वाचतात आणि ६४ च्या तोट्याऐवजी १३६ उरतात. विकलेल्या नगामागे हे १७ झाले. पहिल्या खरेदीत ८ गेले, दुसरीत १७ आले, म्हणजे साधारण निम्मे ग्राहक एकदा तरी परत आल्यावर तुम्ही जेमतेम बरोबरीत येता. म्हणून मी एकूण विक्रीच्या आकड्याला फारसं विचारत नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या ग्राहकांपैकी किती जण परत आले, ते आधी मोजा. चादर काही कोणी दर महिन्याला घेत नाही, तेव्हा उशांचे अभ्रे यादीत हवेतच.

कुरिअरचा आकडा बहुतेकांचा खोक्यामुळे चुकतो. बऱ्याच कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि हे वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्याचेच पैसे लावतात. ३०×२५×२० च्या खोक्यातली एक किलोची चादर ३ किलोची ठरते. घट्ट घडी घालून ती २५×२०×१० मध्ये बसवली की १ किलोच. भागाकाराचा आकडा करारात पाहून घ्या आणि खोकी नंतर छापा.

गोदामाचंही असंच. वडील फोनवर अख्खी गाठ विकून मोकळे होतात आणि साइटवर तो माल शिल्लकच दिसतो. मग ऑर्डर रद्द करायची पाळी येते. ऑनलाइनचे नग वेगळ्या मांडणीवर मोजून ठेवा. त्यातला एकही वडिलांनीसुद्धा नोंद न करता उचलायचा नाही.

आणि दुकानदाराच्या भावाखाली साइटवर जाऊ नका. त्याने ९५ चा भाव पाहिला की पुढच्या गाठीला तो तुमच्याकडे येणार नाही, आणि सध्या घर त्याच्या ६ वरच चाललंय. साइटसाठी वेगळा आकार किंवा वेगळी नक्षी काढली की भावाची तुलनाच होत नाही.