नारळ कुणाचा?

२०२२ च्या ऑगस्टमधली गोव्यातली गोष्ट. आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं काम माझ्याकडे होतं. ११ तारखेला नारळी पौर्णिमा आणि आदल्याच दिवशी, १० ला, पंचायतीचं मतदान. मी आपलं सवयीने लिहिलं:

🚩 नारळी पौर्णिमेचं भजन 🥥🥥🥥 सायंकाळी 🕖 देवळात 🧡

पाच मिनिटांत शेजारच्या दादाचा फोन. "तूं खंयच्या पक्षाचो रे?"

मी हसलो, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नारळ ही गोवा फॉरवर्ड पक्षाची निशाणी, घड्याळ राष्ट्रवादीची. फुटबॉल रिव्होल्युशनरी गोवन्सचा, सिंह महाराष्ट्रवादी गोमंतकचा. आमच्याकडे माणसाने साधा पावसाळी फुटबॉल सामनाही कसा कळवावा!

गोव्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. उमेदवाराला मोकळ्या चिन्हांतलं एखादं मिळतं. तरी तो कुणाचा हे मतदाराला कळवायचं असतंच. मग पक्षाचं नाव न घेता ते काम रंग करतात. नावापुढे 🧡💚 लावलं की भाजपच्या झेंड्याचे दोन रंग झाले. मध्ये पांढरं हृदय घातलं की तिरंगा, आणि मग अर्थ पुन्हा संदिग्ध.

मी निरोप पुन्हा वाचला. एकटा नारळ सणाचाच वाटला असता. ओळीने तीन आल्यावर ती घोषणा झाली. घड्याळाऐवजी «७ वाजता» लिहून भागत होतं. केशरी हृदयाला तर काहीच काम नव्हतं, ते नुसतंच गोड दिसत होतं. आता मी तेच विचारतो: हे चित्र पुसलं तर माहिती कमी होते का? नाही ना, मग मतदानाच्या आठवड्यात ते नको.

पण 🚩 वर अडलो. तीही काढली, तर मंडळातले काका म्हणाले, "दरवर्षी असते. यंदाच काढलीस म्हणजे कोणाला भिऊन काढलीस?" बरोबर होतं. ती मंडळाची जुनी सवय होती, निवडणुकीपुरती आलेली नव्हती. मग एकच, मंडळाच्या नावाआधी, दरवर्षीच्याच जागी ठेवली.

जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला, तर तिथे डिलीट केल्याची खूण राहिली आणि तिचीच चर्चा सुरू. म्हणून नव्या निरोपाच्या आरंभी लिहिलं: «वेळ नीट कळावी म्हणून पुन्हा पाठवतोय.» अर्धसत्य, पण चाललं.

नव्या निरोपावर पहिली प्रतिक्रिया आली ती ✋. भजनाला येतो म्हणून हात वर केला असेल. मी विचारलं नाही.